पाळीत फार रक्त जातं: वयामुळे की रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे?

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची आहे. पाळी सुरू होऊन आठ महिने झाले. पहिल्या पाळीपासून नऊ-दहा दिवस खूप जातं. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ७ वर आलं. सोनोग्राफी, प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी सगळं नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं, वर्ष-दोन वर्षांत आपोआप नीट होईल. माझी बहीण म्हणते, रक्ताचा काही आनुवंशिक आजारही असू शकतो. असा संशय डॉक्टरांना नेमका कशावरून यायला हवा?

उत्तर:

ताई, तुमच्या बहिणीची शंका रास्त आहे. तुम्ही लिहिलेल्या चार-पाच ओळींतच संशय घ्यायला पुरेसं कारण आहे. पहिल्या पाळीपासून नऊ-दहा दिवस जाणं आणि हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की फक्त 'वयामुळे' म्हणून थांबता येत नाही. पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या किशोरवयीन मुली नीट तपासल्या, तर साधारण पाचांतल्या एकीला रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार सापडतो. ज्यांना त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागतं, त्यांच्यात हे प्रमाण तिघींत एक इथपर्यंत जातं.

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं निराधार नाही, हे आधी सांगते. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच महिन्यांत बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग कधीतरी वेडंवाकडं सुटतं. अशा मुलीची पाळी दीड-दोन महिने येतच नाही आणि आली की लांबते. हे फार मुलींमध्ये दिसतं आणि बहुतेकींचं खरोखर आपोआप सुधारतं. म्हणून मी आईला पहिला प्रश्न विचारते तो तारखांचा. पाळी दर महिन्याला वेळेवर येते आणि तरीही प्रत्येक वेळी भरपूर जातं, असं असेल तर बीज न सुटण्याचं कारण लंगडं पडतं आणि माझं लक्ष रक्ताकडे वळतं. उलट बाजू मात्र खरी नाही. पाळी अनियमित आहे म्हणून रक्ताचा आजार नाही, असं म्हणता येत नाही. दोन्ही एकाच मुलीत असू शकतात, आणि अशाच मुली सर्वांत गंभीर अवस्थेत दवाखान्यात येतात.

आता हा आजार पाळीतच का उघडा पडतो ते पाहू. दर महिन्याला अस्तर गळतं तेव्हा गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांची तोंडं आधी प्लेटलेटने बुजतात. पण वेगाने वाहणाऱ्या रक्तात प्लेटलेट फाटलेल्या वाहिनीच्या भिंतीला नुसत्या चिकटत नाहीत. त्यांना धरून ठेवायला रक्तात एक मोठं प्रथिन असतं, त्याचं नाव व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. ते खळीसारखं काम करतं: एका बाजूने भिंतीला, दुसऱ्या बाजूने प्लेटलेटला धरतं. शिवाय रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठला सांभाळून नेण्याचं कामही तेच करतं. हे प्रथिन जन्मतःच कमी असेल किंवा सदोष असेल, तर त्याला व्हॉन विलेब्रँडचा आजार म्हणतात. आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांत हा सर्वांत जास्त आढळणारा, आणि किशोरवयीन मुलींच्या पाळीमागे सापडतो तोही बहुधा हाच. मुलगे आणि मुली दोघांनाही तो सारखाच होतो, पण मुलाच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. मुलीची मात्र बाराव्या-तेराव्या वर्षापासून दर महिन्याला परीक्षा असते.

या आजाराचा इतिहासही एका मुलीच्या पाळीपर्यंतच येऊन थांबतो. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या ओलांड बेटांवरच्या फोग्लो गावातली पाच वर्षांची मुलगी १९२४ मध्ये एरिक व्हॉन विलेब्रँड या फिनिश डॉक्टरांकडे आली होती. तिच्या घरात रक्तस्रावाचा त्रास बऱ्याच जणांना होता. डॉक्टरांनी सगळ्या कुटुंबाची तपासणी करून १९२६ मध्ये निबंध छापला. हा हिमोफिलिया नाही, कारण बायकांनाही होतो, आणि प्लेटलेटची संख्या तर नॉर्मल आहे, हे त्यांनी नोंदवलं. ती मुलगी १३ व्या वर्षी, तिच्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने गेली. तेव्हा इलाज नव्हता. आज आहे, आणि म्हणूनच निदान चुकणं मला सहन होत नाही.

आता खुणांकडे वळते. पहिली खूण पाळीतच असते, पण ती विचारून काढावी लागते. 'खूप जातं' याला माप नाही, आणि मुलगी डॉक्टरांसमोर, त्यातून वडील किंवा काका शेजारी बसले असतील, तर काहीच बोलत नाही. मी मुलीशी एकटीशी बोलते. पॅड पूर्ण भिजल्यामुळे बदलतेस की शाळेच्या सुट्टीत बदलायचं म्हणून? तासा-दोन तासांत भरतं का? रात्री उठून बदलावं लागतं का, की दोन पॅड आणि वर जुन्या साडीचं कापड लावून झोपतेस? गाठी पडतात का, आणि दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या असतात का? उठून उभी राहिलीस की भसकन जातं का? पाळीत शाळा किती दिवस बुडते? सात दिवसांपेक्षा जास्त चालणारी पाळी, तासा-दोन तासांत भिजणारं पॅड आणि मोठ्या गाठी यांतलं काही असेल, आणि त्याबरोबर लोह कमी असेल, तर पुढची चौकशी करायलाच हवी. आणि हे सगळं पहिल्याच पाळीपासून असेल, तर ही खूण जास्त ठळक होते. जन्मापासून असलेला दोष पहिल्या पाळीची वाट पाहत असतो. दोन-तीन वर्षं पाळी ठीक होती आणि मग बिघडली, तर आपण थायरॉइड, औषधं किंवा नंतर जडलेली इतर कारणं आधी शोधतो.

दुसरी खूण पाळीच्या बाहेर असते, आणि ती बहुधा कुणी विचारतच नाही. लहानपणी घोळणा फुटायचा का? आपल्याकडे घोळणा फुटला की उन्हाला, उष्णतेला दोष देऊन कांदा हुंगवतात आणि विषय संपतो. पण दहा मिनिटं नाक नीट दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, वर्षात पाच-सहा वेळा तसं होत असेल, कधी डॉक्टरांकडे जाऊन नाकात बोळा घालावा लागला असेल, तर तो नुसता उन्हाळा नव्हे. दुधाचा दात पडल्यावर उशीला सकाळपर्यंत रक्त लागत होतं का? कान टोचल्यावर किंवा नाक टोचल्यावर एक-दोन दिवस झिरपत राहिलं का? दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का? मार लागल्याचं आठवतही नसताना अंगावर, विशेषतः जिथे सहसा आपटत नाही अशा पोटावर-पाठीवर, काळे-निळे डाग उठतात का? इंजेक्शनच्या जागी मोठी सूज आली होती का? आणि एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: बाळाची नाळ गळून पडताना त्या जागेतून दिवसेंदिवस रक्त येत होतं का? तसं झालं असेल तर रक्त गोठवणाऱ्या आणखी दोन प्रथिनांचा, म्हणजे फॅक्टर तेराचा अभाव किंवा फायब्रिनोजेनचा दोष मनात ठेवावा लागतो. फॅक्टर तेराच्या अभावात नेहमीच्या गोठण-चाचण्या अगदी नॉर्मल येतात.

यात एकच गोष्ट असली तर तिला फार महत्त्व देऊ नये. निरोगी मुलांचाही घोळणा फुटतो. पण दोन-तीन जागी रक्तस्रावाचा इतिहास निघाला, की पाळी हे त्याच गोष्टीचं पुढचं प्रकरण ठरतं.

तिसरी खूण घरात असते. तिथे एक अडचण येते आणि तीच निदान लांबवते. हा आजार ज्या घरात आहे तिथल्या बायकांना जास्त जाणं हेच नेहमीचं वाटतं. आई म्हणते, 'मला पण असंच जायचं', आजी म्हणते, 'आमच्याकडे सगळ्यांचंच असं', आणि मुलीला धीर मिळतो पण तपासणी होत नाही. माझ्या कानाला मात्र ते वाक्य आनुवंशिकतेची साक्ष देतं. म्हणून मी 'घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का' असं विचारत नाही, कारण उत्तर 'नाही' असंच येतं. मी विचारते: कुणाला बाळंतपणानंतर रक्त चढवावं लागलं का? आठ-दहा दिवसांनी पुन्हा रक्तस्राव होऊन दाखल करावं लागलं का? कुणाची गर्भपिशवी तिशीत-पस्तिशीत काढली का, आणि कशासाठी? मामाचा दात काढल्यावर टाके घालावे लागले का? वडिलांच्या बाजूलाही हेच विचारते, कारण व्हॉन विलेब्रँडच्या आजाराचा नेहमीचा सौम्य प्रकार आई किंवा वडील कुणाकडूनही येऊ शकतो. वडिलांना हिमोफिलिया असेल तर मुलगी त्याची वाहक असतेच, आणि वाहक मुलींपैकी काहींचा फॅक्टर आठ किंवा नऊ इतका कमी असतो की त्यांनाही रक्तस्राव होतो.

हे सगळं एका मुलीच्या बाबतीत कसं जुळत गेलं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सांगलीकडची आठवीतली मुलगी. बाराव्या वर्षी पाळी आली आणि तेव्हापासून दर २८-३० दिवसांनी, नऊ दिवस. पहिले चार दिवस दीड तासाला पॅड. दोन वर्षांत तिने शाळेचे खेळाचे तास सोडून दिले होते आणि घरी सगळे म्हणत होते की ती आळशी झाली आहे. एका पाळीत चक्कर येऊन पडली, हिमोग्लोबिन ६.८ निघालं आणि दोन पिशव्या रक्त चढवलं. सोनोग्राफीत काही नाही. प्लेटलेट ३ लाखांच्या वर. पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या दोन्ही चाचण्या नॉर्मल. हार्मोनच्या गोळ्या दिल्या तेवढे दिवस थांबलं, गोळ्या बंद केल्या की पुन्हा सुरू. रिपोर्टवर शेरा होता: 'रक्तस्रावाचा दोष नाही.'

माझ्याकडे आली तेव्हा मी कागद बाजूला ठेवले आणि आधी विचारत बसले. घोळणा पहिलीपासून फुटायचा, दर उन्हाळ्यात चार-पाचदा. सुळ्याजवळचा दुधाचा दात पडला तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंडात रक्त. आईची गर्भपिशवी चौतिसाव्या वर्षी काढलेली, 'अंगावरून फार जायचं' म्हणून, आणि त्या ऑपरेशननंतर तिलाही रक्त चढवावं लागलं होतं. आजीला धाकट्या मामाच्या वेळी बाळंतपणानंतर बारा दिवसांनी बैलगाडीतून दवाखान्यात नेलं होतं. ही माहिती आईला पाठ होती. तिला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती.

मग व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची तपासणी पाहिली. ती आधी एकदा झाली होती, रुग्णालयात दाखल असतानाच, आणि प्रमाण ६२ टक्के आलं होतं. साधारण ५० च्या वर असलं की नॉर्मल धरतात, म्हणून विषय तिथे बंद झाला होता. पण हे प्रथिन शरीरावर ताण आला की वाढतं. तीव्र रक्तक्षय, ताप, जंतुसंसर्ग, रडारड, सुईची भीती, धावतपळत येणं, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, गर्भारपण, या सगळ्यात त्याची पातळी तात्पुरती चढते. आजारी मुलीचं ६२ हे तिचं नेहमीचं प्रमाण नव्हे. सहा आठवड्यांनी, हिमोग्लोबिन सुधारल्यावर, पाळीच्या दुसऱ्या दिवशी, अर्धा तास शांत बसवून पुन्हा रक्त घेतलं. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत ही पातळी बहुधा सर्वांत खाली असते. या वेळी प्रथिनाचं प्रमाण २८ टक्के, त्याची काम करण्याची क्षमता २४ टक्के आणि फॅक्टर आठ ४६ टक्के आला. प्रमाण आणि क्षमता जवळपास सारखीच उतरलेली, म्हणजे प्रथिन सदोष नाही, कमी आहे. हा टाइप एक. आईचंही तपासलं, ते ३६ निघालं. आईची गर्भपिशवी गेली त्याचं कारण त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आलं.

याच मुलीवरून कळतं की नॉर्मल रिपोर्टवर किती विसंबायचं. पीटी आणि एपीटीटी या चाचण्या प्लाझ्मा गोठायला किती वेळ लागतो ते मोजतात. प्लेटलेट भिंतीला चिकटते की नाही हे त्यांना दिसत नाही. व्हॉन विलेब्रँडच्या आजारात फॅक्टर आठ बराच खाली गेला तरच एपीटीटी लांबतो, सौम्य प्रकारात तो नॉर्मलच राहतो. प्लेटलेटची संख्याही फक्त मोजणी आहे, त्या काम करतात का याचं उत्तर त्यात नाही. म्हणून तुमच्याकडे आहेत त्या तपासण्यांनी काही गंभीर गोष्टी बाजूला झाल्या आहेत, पण मूळ प्रश्न अजून विचारलाच गेलेला नाही.

चाचणी उलट्या बाजूनेही फसवते. नमुना निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत खुणेपर्यंत भरून घ्यावा लागतो. अर्धी नळी भरली तर गोठण्याच्या वेळा खोट्या लांबतात. आणि गावाकडच्या संकलन केंद्रातून न वेगळं केलेलं रक्त बर्फात ठेवून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं, तर थंडीमुळे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फॅक्टर आठ खोटे कमी येतात, आणि निरोगी मुलीवर आजाराचा शिक्का बसतो. शक्य असेल तर मुलीला घेऊन प्रयोगशाळेतच जावं. ओ रक्तगट असणाऱ्यांत ही पातळी मुळातच इतरांपेक्षा सुमारे एक-चतुर्थांश कमी असते. म्हणून ३० ते ५० मधला आकडा नुसता वाचायचा नसतो, मुलीच्या रक्तस्रावाच्या इतिहासाशी ताडून पाहायचा असतो. ३० च्या खाली मात्र फारशी शंका उरत नाही. कुठलाही एकटा रिपोर्ट, कमी असो वा नॉर्मल, मी दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय शेवटचा धरत नाही.

व्हॉन विलेब्रँडची पातळी दोनदा चांगली आली आणि इतिहास तरीही बोलतोय, तर पुढची पायरी प्लेटलेटच्या कामाची. आई-वडील नात्यातले आहेत का, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून बऱ्याच समाजांत होतं. अशा लग्नांत दोघांकडून एकच दोष मुलीकडे येण्याची शक्यता वाढते, आणि ग्लान्झमानचा आजार किंवा व्हॉन विलेब्रँडचा सर्वांत तीव्र म्हणजे टाइप तीन, असे आजार तिथे जास्त दिसतात. ग्लान्झमानच्या आजारात प्लेटलेटची संख्या नॉर्मल असते, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. अनुभवी पॅथॉलॉजिस्टने बोटातून थेट काचेवर घेतलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्लेटलेट सुट्या-सुट्या दिसतात, कुठेही पुंजका नाही. एवढ्या स्वस्त तपासणीने केवढा रस्ता मोकळा होतो. अशा मुलीची पहिली पाळी जिवावर बेतू शकते. त्याच काचेवर अवाढव्य आकाराच्या प्लेटलेट दिसल्या तर वेगळा आनुवंशिक आजार असतो, बर्नार्ड-सूलिए. मशीन या मोठ्या प्लेटलेट मोजत नाही, संख्या कमी दाखवते, आणि मुलीला प्लेटलेट कमी होण्याचा दुसराच आजार समजून महिनोन्‌महिने स्टिरॉइड दिली जातात. स्टिरॉइडने काहीच फरक पडत नाही, हीच तिथली खूण.

आणखी एक खूण स्त्रीरोगतज्ज्ञांना दिसते. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अचानक पोटात जोराची कळ, आणि सोनोग्राफीत बीजकोशाच्या गाठीत किंवा पोटात रक्त. बीज सुटताना जी छोटीशी जखम होते, ती अशा मुलींत थांबत नाही. एकदा असं झालं तर तो योगायोग असेल, पण दुसऱ्यांदा झालं तर ऑपरेशनच्या टेबलावर नेण्याआधी रक्ताचा विचार व्हायला हवा.

निदान होईपर्यंत मुलीला तसंच ठेवायचं नसतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड ही गोळी तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. सहसा पाळीच्या पहिल्या तीन ते पाच दिवसांत दिवसातून तीनदा १ ग्रॅम देतात, आणि ती घेतल्याने व्हॉन विलेब्रँडच्या तपासणीत अडथळा येत नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच द्या. पूर्वी कधी शिरेत गुठळी झाली असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल तर ते आधी सांगा. एका बाबतीत मात्र लक्ष ठेवा. आपल्या बाजारात ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड आणि मेफेनॅमिक ॲसिड यांची एकत्र गोळी सर्रास मिळते, आणि पोटदुखीसाठी नुसतं मेफेनॅमिकही घराघरात असतं. इतर मुलींना ते चालतं. पण मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधं प्लेटलेटचं काम मंदावतात. रक्तस्रावाच्या आजाराचा संशय आहे तोवर पोटदुखीला पॅरासिटामॉल द्या आणि गोळीच्या पाकिटावरची नावं वाचा.

हार्मोनच्या गोळ्यांची अनेक आया धास्ती घेतात. या मुलींसाठी त्या महिन्याचा रक्तस्राव आवाक्यात आणणारं औषध आहे, आणि त्यामुळे पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. फक्त इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू करण्याआधी, जमलं तर, व्हॉन विलेब्रँडची तपासणी उरकून घ्यावी. पण मुलगी रक्ताने भिजत असेल तर तपासणीसाठी औषध थांबवू नये; चाचणी नंतर करता येते. शिरेतून रक्त, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली, तर पिशवी लावण्याआधी निळ्या टोपणाची नळी भरून ठेवायला सांगा. दुसऱ्याचा प्लाझ्मा गेला की काही काळ तपासणीत त्या दात्याचंच रक्त बोलतं. ग्लान्झमानच्या मुलीला वारंवार प्लेटलेट चढवल्या तर तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढच्या वेळी त्या लागू पडत नाहीत. म्हणूनच नाव कळण्याआधी पिशव्या लावत जाणं मला आवडत नाही.

लोहाचं वेगळं सांगते. हिमोग्लोबिन १२ च्या वर आलं की बहुतेक जण गोळ्या थांबवतात. पण साठा भरलेला नसतो. फेरिटिन तपासा. ते १५ च्या खाली असेल तर साठा रिकामा आहे, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही मुलगी दमते, केस गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्तक्षय टाळण्यासाठी आहे. दर महिन्याला एवढं रक्त जाणाऱ्या मुलीचा खड्डा तिने भरत नाही. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं.

आता तुमच्या मुलीसाठी. पुढची पाळी येण्याआधी एक कागद घ्या. तिच्या पाळीच्या तारखा, रोजची पॅड आणि त्यांतली पूर्ण भिजलेली किती, गाठी, बुडालेले शाळेचे दिवस, हे लिहा. त्याच कागदाच्या मागे घोळणा, दात, कान टोचणं, नाळ, आणि दोन्ही घरांतल्या बायकांची बाळंतपणं आणि ऑपरेशनं लिहा. तुमच्या सासूबाईंना आणि आईला फोन करून विचारा, त्यांना आठवतं. हा कागद घेऊन रक्तविकारतज्ज्ञांकडे जा आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचं प्रमाण, त्याची क्षमता, फॅक्टर आठ, फायब्रिनोजेन, फेरिटिन आणि रक्तगट एवढं करून घ्या. जवळ सोय नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. तिथे या आजारांच्या, प्लेटलेटच्या कामासह, खास तपासण्या होतात.

दरम्यान एखाद्या पाळीत दोन तास सलग दर तासाला पॅड भरलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, धाप लागली किंवा ओठ पांढरे दिसले, तर रात्र सरायची वाट पाहू नका. थेट रुग्णालयात न्या, आणि दारातच सांगा की रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजाराचा संशय आहे, मांडीत किंवा कमरेत इंजेक्शन देऊ नका आणि रक्त चढवण्याआधी नमुना काढून ठेवा.